बाबाची अंगाई

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलने २०११ मध्ये ‘ललाबाय प्रोजेक्ट’ सुरू केला. नवे आई-बाबा संगीतकारांसोबत बसून आपल्या बाळासाठी अंगाई रचतात. असं गाणं मराठीत बांधायचं तर? समजा, रजा संपलेल्या एका बाबाला लेकीसाठी लिहायचंय.

त्याच्या पहिल्या ओळीत हमखास ‘निद्रा’, ‘वियोग’ असे शब्द येतात. गुणगुणताना हात अडखळतो, पाळणा थबकतो. मग तो आठ-आठ मात्रांवर येतो:

नीज चिमुकले, नीज ग बाई
पहाट होता बाबा जाई

‘नीज’ दोनदा आलं, कारण झोकाही परत येतो. शेवटचा ‘ई’ दीर्घ, म्हणून पेंगुळल्या आवाजातही लांबवता येतो. दुःख मात्र ‘जाई’ या एकाच क्रियापदात. त्यापुढे ‘एकटी तू’ वगैरे जोडलं, की अंगाईचं नाटक होतं!

लेकीला यातलं काही कळत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की अनोळखी भाषेतल्या अंगाईनेही तान्ह्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. तिला चाल पुरते. ‘जाई’ हा शब्द बाबाने स्वतःसाठी ठेवलेला असतो.