खोलीला रंग किती लागेल?

पावसाळा सरला की जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेत दुकाने व घरे दिवाळीसाठी रंगवून घेण्याची लगबग सुरू होते. रंगारी अंदाजाने डबे सांगतो आणि यजमान ते आणतो. एरवी पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यापारी घरातही या एका खरेदीचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो मांडणे मात्र अवघड नाही.

एक खोली घेऊ. लांबी १४ फूट, रुंदी १२ फूट, उंची १० फूट. चारही भिंतींची एकूण लांबी ५२ फूट. तिला उंचीने गुणले की ५२० चौरस फूट होतात. खोलीला ७ फूट उंच व ३ फूट रुंद असे दोन दरवाजे आहेत, त्यांचे ४२ चौरस फूट. ४ फूट बाय ४ फुटांच्या दोन खिडक्या आहेत, त्यांचे ३२. हे ७४ वजा केले की ४४६ चौरस फूट उरतात. छत वेगळ्या रंगाचे असल्याने ते यात धरलेले नाही.

येथे जुन्या घरांत एक बाब निसटते. जुन्या पेठांतील अनेक घरांच्या भिंती जाड असतात आणि खिडकीची चौकट बाहेरच्या अंगाला बसविलेली असते. त्यामुळे खिडकीच्या आत, दोन्ही बाजूंना व वर, भिंतीच्या जाडीचा पट्टा दिसतो आणि तोही रंगवावा लागतो. हा पट्टा एक फूट खोल असेल, तर खाली फरशी असूनही प्रत्येक खिडकीमागे १२ चौरस फूट परत येतात. म्हणजे वजा केलेल्या १६ पैकी बहुतेक. दोन खिडक्यांचे २४ मिळविले की आपली बेरीज ४७० होते. दरवाजांच्या चौकटी खोलीच्या बाजूस भिंतीलगत असल्याने तेथे भर नाही. नव्या घरांच्या पातळ भिंतींत हा पट्टा जेमतेम असतो.

आता डब्यावरील आकडा पाहू. समजा त्यावर एका लिटरमध्ये १२० ते १४० चौरस फूट, दोन हातांसाठी, असे लिहिले आहे. खालचा आकडा धरावा. ४७० ला १२० ने भागले की ३.९२ लिटर येतात. म्हणजे चार लिटरचा एक डबा काठोकाठ पुरतो. डागडुजीसाठी एक लिटर जादा घ्यावा.

हिशेब खरा बिघडतो तो ‘दोन हातांसाठी’ या शब्दांपाशी. दारे-खिडक्या मुळीच वजा केल्या नसत्या, तरी रंग ४.३३ लिटर लागला असता; फरक अर्ध्या लिटरहूनही कमी. पण १२० हा एका हाताचा आकडा समजून दोनने पुन्हा गुणले, तर जवळजवळ आठ लिटर रंग घरी येतो. दुकानात यंत्रावर छटा मिसळून दिलेला रंग सहसा परत घेतला जात नाही. उलट एका हाताचा आकडा दोन हातांचा समजला, तर निम्म्या भिंतीवरच डबा रिकामा होतो. म्हणून आकडा किती हातांचा, हे दुकानदाराला विचारूनच भागाकार करावा.

हा आकडा गुळगुळीत, प्रायमर लावलेल्या भिंतीचा असतो. जुन्या चुन्याच्या भिंतीवरून तळहात फिरवावा. पांढरी भुकटी हाताला लागली, तर ती खरवडून प्रायमर लावल्यावाचून रंग टिकत नाही. प्रायमरचा हिशेब त्याच ४७० वर, त्याच्या डब्यावरील आकड्याने, वेगळा करावा. पुरवठा यावा म्हणून रंगाऱ्याने ठरल्यापेक्षा जास्त पाणी घातले, तर दोन हातांनंतरही जुना रंग खालून डोकावतो. मग तिसरा हात लागतो आणि बचत उरत नाही.

मजुरीचे मोजमाप मात्र निराळे. भारतीय मानक १२०० नुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे उघडे भाग वजा करीत नाहीत. त्याहून मोठे, पण तीन चौरस मीटरपर्यंतचे भाग भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखेच काम असल्यास एकाच बाजूने वजा होतात. दुसऱ्या बाजूची सूट ही जाडीच्या पट्ट्यांच्या कामाची भरपाई होय. आपला दरवाजा सुमारे दोन व खिडकी दीड चौरस मीटरची, म्हणजे दोन्ही याच गटातील. तेव्हा रंगाऱ्याचे चौरस फूट आपल्यापेक्षा जास्त भरले, तर त्याने लबाडी केली असे लगेच समजू नये. कोणत्या रीतीने मोजायचे, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवून कागदावर लिहून घ्यावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. एकाच छटेचे दोन डबे वेगवेगळ्या वेळी मिसळले, तर किंचित फरक पडू शकतो. म्हणून सारा रंग एकदमच घ्यावा आणि नवा डबा उघडावाच लागला, तर भिंतीच्या मधोमध नव्हे, कोपऱ्यापासून सुरू करावा.