ठिपका की सावली?

परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवर एक फोटो येतो. प्रश्नपत्रिकेतली परिपथाची आकृती, थोडी तिरकी, एका कोपऱ्यावर हाताची सावली. खाली प्रश्न: प्रत्येक शाखेतून किती विद्युतधारा वाहते? बहुतेक जण लगेच सूत्र शोधू लागतात. पण अशा गणितात उत्तर चुकतं ते बहुधा आकडेमोडीच्या आधीच, आकृती वाचताना.

एक ठरावीक आकृती घेऊ. १२ व्होल्टची बॅटरी. तिच्या धन टोकाकडून निघालेली तार ४ ओहमच्या रोधातून एका बिंदूपाशी येते. त्याला ‘क’ म्हणू. इथे दोन वाटा फुटतात. एका वाटेवर ६ ओहमचा रोध आहे, दुसरीवर ३ आणि ९ ओहमचे रोध एकामागोमाग एक. दोन्ही वाटा ‘ख’ बिंदूपाशी मिळतात आणि तिथून तार बॅटरीच्या ऋण टोकाला जाते. मात्र जागा कमी असल्यामुळे ही परतीची तार ३ आणि ९ ओहमच्या मधल्या तारेला ओलांडून गेलेली दाखवली आहे. फोटोत नेमकं त्याच फुलीवर काळं काहीतरी दिसतं.

तिथे ठिपका असेल तर तारा जोडलेल्या आहेत. नसेल तर एक तार दुसरीवरून नुसती गेली आहे. खात्री करायची असेल तर फोटो मोठा करून ‘क’ आणि ‘ख’ इथले ठिपके आधी पाहावेत. एकाच आकृतीतले छापील ठिपके सहसा सारख्या आकाराचे, गोल आणि गडद असतात. सावलीची कड मात्र विरत जाते आणि ती तारेबाहेरच्या कागदावरही पसरलेली दिसते. याच वेळी आकडेही तपासून घ्यावेत, कारण पुसट ओहमचं चिन्ह शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात.

समजा, ती सावलीच निघाली. मग ३ आणि ९ ओहम एकसर जोडणीत आहेत, कारण त्यांच्यामध्ये धारेला दुसरी वाटच नाही. त्यांची बेरीज १२ ओहम. हे १२ आणि शेजारचे ६ समांतर आहेत, कारण दोन्ही शाखांची टोकं ‘क’ आणि ‘ख’ हीच आहेत. दोघांचा गुणाकार ७२, बेरीज १८. भागाकार केला की ४ ओहम. त्यात सुरुवातीचे ४ मिळवले की एकूण रोध ८ ओहम, आणि बॅटरीतून निघणारी धारा १२ भागिले ८, म्हणजे १.५ अँपिअर.

आता उलट पावली यायचं. पहिल्या रोधावर १.५ गुणिले ४, म्हणजे ६ व्होल्ट खर्च झाले. ‘क’ आणि ‘ख’ यांच्यात उरले ६ व्होल्ट. म्हणून ६ ओहमच्या शाखेतून १ अँपिअर, तर १२ ओहमच्या शाखेतून ०.५ अँपिअर. ३ आणि ९ या दोन्ही रोधांतून तेच ०.५ जातं. १ आणि ०.५ मिळून १.५ होतात, हिशोब जुळतो.

वाट फुटली की धारा निम्मी-निम्मी होते, हा समज फार पसरलेला आहे. तो इथे लावून पाहावा. दोन्हीकडे ०.७५ अँपिअर धरले, तर एका शाखेवर ४.५ व्होल्ट येतात आणि दुसरीवर ९. त्याच दोन बिंदूंमध्ये एकाच वेळी दोन वेगळी विभवांतरं असूच शकत नाहीत, त्यामुळे चूक लगेच उघडी पडते.

पण फुलीवर खरोखर ठिपका असेल तर? मग ९ ओहमची दोन्ही टोकं ‘ख’ला साध्या तारेने जोडली जातात. त्याच्या दोन टोकांत विभवांतर उरत नाही आणि त्यातून धारा वाहत नाही. आता ६ ला समांतर फक्त ३ ओहम. दोघांचे मिळून २, आणि एकूण रोध ६ ओहम. बॅटरीतून २ अँपिअर निघतात. ‘क’ आणि ‘ख’ यांच्यात ४ व्होल्ट उरतात, म्हणून ६ ओहममधून सुमारे ०.६७ आणि ३ ओहममधून १.३३ अँपिअर. यांचीही बेरीज २ होते. म्हणजे दोन्ही वाचनांत हिशोब चोख जुळतो, आणि म्हणूनच ताळा बरोबर आला तरी आकृती बरोबर वाचली याची हमी मिळत नाही. ते फोटोतच पाहावं लागतं.

ही एकसर-समांतरची रीत सगळीकडे चालत नाही. दोन्ही शाखांत दोन-दोन रोध असतील आणि त्यांच्या मधल्या बिंदूंना पाचवा रोध जोडत असेल, तर कोणतीही जोडी एकसर नसते की समांतरही नसते. तिथे गुस्ताव किरखॉफ यांनी १८४५ मध्ये मांडलेले नियम वापरून समीकरणं सोडवावी लागतात. अपवाद एकच: दोन्ही शाखांतल्या रोधांचं गुणोत्तर सारखं असेल, तर पाचव्या रोधातून धारा वाहत नाही. तो आकृतीतून खोडून टाकला की वरचीच रीत पुन्हा लागू पडते.