घसारा लिहिला, पैसे कुठे आहेत?

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना 'सिंकिंग फंड' हे शब्द सोसायटीच्या मेंटेनन्स बिलातून ओळखीचे असतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दर वर्षी या फंडात जमा करायची असते. महिन्याच्या बिलात ती ओळ किरकोळ दिसते, म्हणून फारसं कोणी तिच्याकडे बघत नाही. गंमत अशी, की स्वतःच्या फ्लॅटपोटी ही वर्गणी मुकाट भरणारा वर्कशॉपचा मालक, ज्या मशिनवर त्याचं घर चालतं त्या मशिनसाठी मात्र असा एक रुपयाही बाजूला ठेवत नाही.

शिरोलीच्या किंवा भोसरीच्या एमआयडीसीत सहज सापडेल असं एक वर्कशॉप समजा. त्यात वीस लाखांचा एक सीएनसी लेथ आहे. दोन शिफ्टमध्ये वाहनांचे सुटे भाग तयार होतात. मालकाचा अंदाज असा, की हे मशिन दहा वर्षं चांगलं काम देईल. पुढे ते बंद पडेलच असं नाही, पण बॉल स्क्रू झिजतो, स्पिंडलच्या बेअरिंगचा आवाज यायला लागतो, सकाळी लावलेला ऑफसेट दुपारी पुन्हा बदलावा लागतो आणि ग्राहकाकडून रिजेक्शन वाढतं. कंट्रोलर जुना झाला की त्याचे पार्ट मिळेनासे होतात. मशिन चालू असतं, पण साइज धरत नाही. बदलायची वेळ आली हे ओळखायचं ते इथे.

आता अशा मालकाला विचारलं तर तो म्हणेल, घसारा धरतोच की आम्ही. खरं आहे. आयकराच्या नियमाप्रमाणे सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर शिल्लक किमतीच्या १५ टक्के दराने दर वर्षी घसारा मिळतो. वीस लाखांचं मशिन दहा वर्षांनी वहीत सुमारे ३ लाख ९४ हजारांवर येतं. म्हणजे सोळा लाखांहून अधिक रक्कम खर्च म्हणून लिहिली गेली, नफा तेवढा कमी दिसला, कर वाचला. पण घसारा हा वहीतला खर्च आहे. तो लिहिताना बँकेतून एकही पैसा बाहेर जात नाही आणि कुठे जाऊन साठतही नाही. ती रोकड धंद्यातच राहते आणि धंद्यातून हळूहळू कच्च्या मालात, उधारीत, गाडीत, कधी घरच्या लग्नात मुरते. दहा वर्षांनी मालक सीएला विचारतो, "साहेब, इतकी वर्षं घसारा लावला, मग ते पैसे कुठं आहेत?" सीए काय सांगणार! ते कधी वेगळे काढलेच नव्हते.

सिंकिंग फंड म्हणजे नेमकी ही गाठ घालून देणं. वहीत जशी मशिनची किंमत कमी होत जाते, तशी खरीखुरी रक्कम धंद्याबाहेर काढून, व्याज मिळेल अशा ठिकाणी गुंतवायची. मिळालेलं व्याजही काढायचं नाही, त्याच फंडात टाकायचं.

किती टाकायचं, याचं उत्तर मशिनच्या खरेदी बिलावर नसतं. वीस लाखांचं मशिन आहे म्हणून वीस लाख जमवायचे, हा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो, कारण आपल्याला दहा वर्षांपूर्वीचं मशिन विकत घ्यायचं नाही, दहा वर्षांनंतरचं घ्यायचं आहे. किंमत वर्षाला चार टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर वीस लाखांचे दहा वर्षांत साधारण २९ लाख ६० हजार होतात. जुनं मशिन विकून साडेतीन-पावणेचार लाख येतील असं मानू. उरले सुमारे २६ लाख. हे आपलं लक्ष्य.

पुढचा प्रश्न व्याजाचा. बँक मुदत ठेवीवर ७ टक्के देते असं धरू. पण त्या व्याजावर कर लागतो आणि मालक वरच्या टप्प्यात असेल तर हातात पाचच्या आसपासच टक्के उरतात. म्हणून गणित पाच टक्क्यांनी करावं. सात धरून सुरुवात केली तर शेवटी रक्कम कमी पडणार, हे आजच ठरलेलं असतं. दहा वर्षं, पाच टक्के आणि २६ लाखांचं लक्ष्य, एवढं दिलं की कॉम्प्युटरवरच्या एक्सेलमध्ये एका ओळीत उत्तर मिळतं:

```
=PMT(5%,10,0,-2600000)
```

उत्तर येतं २,०६,७१२ रुपये. प्रत्येक वर्षाच्या शेवटी एवढी रक्कम टाकली की दहाव्या वर्षाअखेरीला २६ लाख होतात. त्यातले २० लाख ६७ हजार आपल्या खिशातले आणि सुमारे ५ लाख ३३ हजार व्याजाचे.

हे व्याज कसं चढतं ते बघण्यासारखं आहे. पहिल्या वर्षाअखेरीला रक्कम पडते, तेव्हा व्याज शून्य. दुसऱ्या वर्षी त्यावर १०,३३६ रुपये व्याज आलं, नवा हप्ता पडला, शिल्लक झाली ४,२३,७६०. तिसऱ्या वर्षी व्याज २१,१८८, शिल्लक ६,५१,६६०. पाचव्या वर्षाअखेरीला ११,४२,२१४. निम्मी मुदत संपली, पण निम्मी रक्कम जमलेली नाही, आणि इथे पुष्कळांचा धीर सुटतो. खरं तर सगळं वेळापत्रकाप्रमाणेच चाललेलं असतं, कारण व्याजाचा मोठा भाग उत्तरार्धात येतो. एकट्या दहाव्या वर्षाचं व्याजच १ लाख १४ हजारांच्या घरात जातं. हाच हप्ता वर्षाच्या सुरुवातीला टाकला तर तो १,९६,८६९ रुपयांवर येतो, वर्षाला जवळजवळ दहा हजारांची बचत. एवढी रक्कम एकदम निघत नसेल तर महिन्याला सतरा हजारांचं रिकरिंग लावून वर्षाअखेरीला त्याची मुदत ठेव करावी.

या फंडाला धोका असतो तो गणितापेक्षा मालकाच्या गरजेचा. इंग्लंडमध्ये सरकारी कर्ज फेडण्यासाठी १७१७ साली असाच फंड उभा राहिला, आणि ज्या रॉबर्ट वॉल्पोलचं नाव त्याच्याशी जोडलं जातं त्यानेच १७३३ मध्ये चालू खर्चासाठी त्यात हात घातला. आपल्या वर्कशॉपमध्ये हे जास्त सभ्यपणे होतं. ठेव मोडत नाही, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट काढला जातो. पावती कपाटात तशीच असते, वर्षाला नूतनीकरण होतं, मालक मनाला सांगतो की फंड शाबूत आहे, आणि मशिन घ्यायच्या दिवशी बँक आधी आपलं येणं वळतं करून घेते. त्यामुळे फंड तपासताना पावत्यांची बेरीज पुरत नाही. कोणत्या पावतीवर बोजा आहे हेही बघावं लागतं. चालू खातं आणि सीसी ज्या बँकेत आहे तिच्यापेक्षा वेगळ्या बँकेत या ठेवी ठेवल्या, तर हा मोह निम्मा तरी कमी होतो.

ठेवायचं कुठे, याचं उत्तर आपल्याकडे अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेकडे चटकन वळतं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बँकेतल्या ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागू नाही. दहा वर्षं हात लावायचा नाही असा पैसा अर्ध्या टक्क्यासाठी तिथे ठेवणं मला पटत नाही. बँकेतही सगळे २६ लाख एकीकडे न ठेवता विभागून ठेवावेत.

दर दोन-तीन वर्षांनी मशिनच्या डीलरकडून ताजं कोटेशन मागवावं. फुकट मिळतं. समजा पाचव्या वर्षी कळलं, की नव्या मशिनला हातातून २६ नव्हे तर ३० लाख घालावे लागणार. जमलेले ११ लाख ४२ हजार उरलेल्या पाच वर्षांत पाच टक्क्यांनी वाढून साधारण १४ लाख ५८ हजार होतील. राहिलेल्या १५ लाख ४२ हजारांसाठी हप्ता २,७९,१०२ रुपयांवर न्यावा लागेल. वर्षाला सुमारे बहात्तर हजार जास्त. टोचतं, पण पाच वर्षांत विभागून जातं. कोटेशन मागवलंच नाही, तर हेच चार लाख शेवटच्या महिन्यात उभे करावे लागतात.

हे सगळं ऐकून कोणीही व्यवहारी माणूस विचारेल, की आजचं मशिनच कर्जावर आहे, दहा-अकरा टक्के व्याज भरतोय, तर सात टक्क्यांच्या ठेवीत पैसे घालू कशाला? प्रश्न बिनतोड आहे. मुदत कर्ज अंगावर असताना फंड लावू नये, आधी कर्ज फेडावं. पण कर्ज फिटल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून तोच हप्ता फंडाकडे वळवावा. वीस लाखांच्या मशिनसाठी १५ लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं असेल, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३१,८७० रुपये बसतो. वर्कशॉपला तो देण्याची सवय झालेली असते. पुढची पाच वर्षं वर्षाअखेरीच्या ठेवींच्या हिशेबाने तोच फंडात टाकला, तर २१ लाखांच्या वर रक्कम उभी राहते. २६ लाखांना पाच लाख कमी पडतील, तेवढं कर्ज काढावं. बिघडतं कुठे? कर्ज संपलं त्या महिन्यात नवी चारचाकी बुक होते, तिथे.

हिशेबाच्या वहीत घसारा आणि फंड यांची गल्लत करू नये. घसारा हा करासाठी वजा होणारा खर्च आहे. फंडात टाकलेली रक्कम खर्च नाही, ती आपलीच गुंतवणूक आहे. त्यामुळे तिच्यावर वेगळी करसवलत मिळत नाही आणि व्याज त्या त्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावं लागतं. ताळेबंदात एका बाजूला सिंकिंग फंड आणि दुसऱ्या बाजूला त्याच रकमेच्या ठेवी, हे दोन आकडे जुळले पाहिजेत. फंडाचा आकडा मोठा आणि ठेवी लहान दिसल्या, तर पैसे पुन्हा धंद्यात शिरले असं खुशाल समजावं. शेवटच्या वर्षीचा हप्ता मात्र बँकेत टाकायची गरज नसते. त्यावर व्याज मिळायला वेळच उरलेला नसतो, तो नव्या मशिनच्या ॲडव्हान्समध्ये थेट द्यावा.