जर्मन पुल्लिंगातला मागे राहिलेला 'न'

जर्मन शिकणाऱ्याला 'एन-डेक्लिनाट्सियोन' साधारण अपवादांची यादी म्हणून शिकवतात. प्रथमेच्या एकवचनात 'डेअर श्टुडेंट', पण द्वितीयेत 'डेन श्टुडेंटन', चतुर्थीत 'डेम श्टुडेंटन', षष्ठीत 'डेस श्टुडेंटन', आणि बहुवचन सगळंच 'श्टुडेंटन'. विद्यार्थी पाठ करतात आणि विसरतात. माझ्या मते ही यादी उलट्या बाजूनं वाचायला हवी: इथे 'न' चिकटत नाही, प्रथमेच्या एकवचनात तो गळतो.

ज्यांनी शाळेत संस्कृत केलं आहे त्यांना हे नवं नाही. मूळ अंग राजन्. प्रथमेत राजा, द्वितीयेत मात्र राजानम् आणि बहुवचनी राजानः. जर्मनचा हा वर्गही त्याच जुन्या नकारान्त घराण्यातला. त्याला 'दुर्बल' हे नाव याकोब ग्रिमनं दिलं. त्याच्या जर्मन व्याकरणाचा पहिला खंड 1819 चा.

एके काळी या वर्गात निर्जीव वस्तूही होत्या. जुन्या जर्मनमध्ये बागेला 'गार्टो' आणि धनुष्याला 'बोगो' म्हणत. बागेविषयी माणसं बोलतात ती बहुधा 'बागेत', 'बागेला' अशी. बाग स्वतः कर्ता क्वचितच होते. त्यामुळे इतर विभक्तींतला 'न' प्रथमेतही शिरला आणि आजचे 'गार्टन', 'बोगन' तयार झाले. माणूस आणि प्राणी मात्र सतत कर्ते असतात, म्हणून त्यांची 'न'विरहित प्रथमा टिकली: युंगे (मुलगा), कोलेगे (सहकारी), ल्योवे (सिंह), हाझे (ससा). 'मेन्श' (माणूस) आणि 'बेअर' (अस्वल) यांच्या शेवटचा स्वर झिजला, म्हणून ते ओळखू येत नाहीत. पुढे लॅटिन-ग्रीक वळणाचे पोलित्सिस्ट, प्रेझिडेंट, फिलोझोफ याच पंगतीत बसले. तीही माणसंच.

'नामे' (नाव) अर्ध्या वाटेवर थांबला आहे. प्रथमेत 'न' नाही, द्वितीया-चतुर्थीत 'नामन', पण षष्ठीत 'नामन्स', म्हणजे 'गार्टन्स'सारखा 'स'सुद्धा. 'फ्रीडे' (शांतता) तर प्रथमेतच 'फ्रीडे' आणि 'फ्रीडन' अशा दोन्ही रूपांत चालतो.

शब्द दुर्बल आहे की नाही, हे कोशात षष्ठी पाहून ठरवावं. बहुवचन फसवतं: 'प्रोफेसोर'चं बहुवचन 'प्रोफेसोरन', पण षष्ठी 'प्रोफेसोर्स', म्हणून द्वितीयेत नुसतं 'डेन प्रोफेसोर'. शेवटचा 'ए'सुद्धा पुरेसा नाही. 'केझे', म्हणजे चीज, पुल्लिंगी असूनही दुर्बल नाही. तो लॅटिनमधून वेगळ्या वर्गात आला.

'हेर'चा हिशेब वेगळा आहे. एकवचनात 'हेर्न', बहुवचनात 'हेरन'. पाकिटावर 'हेर्न म्यूलर' असंच लिहितात.

बोलण्यात आज 'डेम श्टुडेंट' सर्रास ऐकू येतं, कारण विभक्ती उपपदानं आधीच सांगितलेली असते. लिखाणात ती चूक धरतात. पण उपपदच नसेल तिथे लिखाणातही सूट आहे: 'डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातलं नातं' लिहिताना 'त्स्विशन आर्त्स्ट उंट पात्सिएंट' चालतं, कारण 'पात्सिएंटन' लिहिलं तर रुग्ण एक की अनेक, हे कळणार नाही.