जपानी अलार्म, वऱ्हाडी ऑपरेटर

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत किंवा अकोल्याच्या एमआयडीसीत एखादे जपानी बनावटीचे यंत्र बसते, तेव्हा त्याच्या पीएलसीत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकात, दोन प्रकारचा मजकूर असतो. लॅडर या तर्काच्या आकृतीतील प्रत्येक सिग्नलशेजारची टीप इलेक्ट्रिशियन वाचतो, तर पॅनेलवरचा अलार्म पाळीवरच्या ऑपरेटरला वाचावा लागतो. दोन्ही मजकूर मराठीत आणताना शब्दकोशापेक्षा लॅडरच अधिक उपयोगी पडतो.

मित्सुबिशीच्या नियंत्रकातील यंत्राच्या दाराचे हे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

```
LD  M20      ドア閉指令
ANI X12      ドア閉確認
OUT T5 K30
LD  T5
SET M120     ドア閉確認異常
```

M20 हा दार बंद करण्याचा हुकूम आहे आणि X12 हा दार बंद झाल्यावर सेन्सरकडून येणारा सिग्नल. T5 हा 100 मिलिसेकंदांचा टायमर असल्याने K30 म्हणजे 3 सेकंद. हुकूम सुटूनही तेवढ्या वेळात X12 आला नाही, तर M120 हा अलार्म लागतो आणि रीसेट करेपर्यंत तसाच राहतो.

X12 च्या टिपेतील 確認 (काकुनिन) या शब्दाचा कोशातील अर्थ ‘खात्री करणे’ असा आहे. पण तो घेऊन ‘दार बंद आहे का तपासा’ असे लिहिले, तर सिग्नलच्या नावाची आज्ञा होते. ‘दार उघडे आहे’ हेही चुकीचेच, कारण दार पूर्ण बंद असूनही सेन्सरवर रुईचे तंतू बसल्याने किंवा तार तुटल्याने हाच अलार्म येतो. म्हणून टीप ‘दार बंद झाल्याचा सिग्नल’ अशी हवी आणि अलार्म पुढीलप्रमाणे: ‘M120: दार बंद झाल्याचा सिग्नल 3 सेकंदांत आला नाही. मशीन बंद करून दारातील अडथळा काढा, सेन्सर पुसा आणि अलार्म रीसेट करा. तरीही तो पुन्हा आला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.’ M120 हा क्रमांक मात्र बदलू नये, कारण मूळ जपानी पुस्तिकेशी जोडणारा दुवा तोच असतो.

जुन्या प्रोजेक्टमधील जपानी टिपा बहुधा शिफ्ट-जिस या संकेतपद्धतीत असतात. इंग्रजी विंडोजवर त्या निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतात आणि तशाच सेव्ह केल्या तर मूळ मजकूर गमावण्याची भीती असते. म्हणून आधी प्रत काढावी आणि संगणकाची सिस्टिम लोकेल जपानी करूनच फाइल उघडावी. शिफ्ट-जिसमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत, त्यामुळे अशा ठिकाणी मूळ टिपा जपानीतच ठेवून मराठी अर्थाचा स्वतंत्र तक्ता करणे इष्ट. काही पॅनेलांवर देवनागरी उमटते, पण ‘स्थिती’सारख्या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर जाते आणि जोडाक्षर फुटते, तेथे संदेश चित्र म्हणून बसवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

शेवटी, चाचणीच्या वेळी वीज बंद करून इलेक्ट्रिशियनने X12 ची तार सोडवावी, माणसे दूर ठेवून यंत्र सुरू करून अलार्म मुद्दाम आणावा आणि ऑपरेटरला तो वाचून पहिल्यांदा काय करशील, असे विचारावे. या परीक्षेत न उतरलेला संदेश पॅनेलवर चढवू नये.