एका पानाचा फॉर्म : दुभाषी ठरवण्याची पंधरा वर्षं

माझ्या टेबलाच्या खणात दुभाष्यांच्या नोंदींच्या तीन वह्या आहेत. पहिली २००९ ची. तिच्यातली एक नोंद अशी : ‘मंगळवार. जपानी पाहुणे. इंटरप्रिटर सांगितला.’ पुढे एक फोन नंबर, बस्स. २०२४ च्या नोंदीला मात्र अख्खं पान लागलं आहे. चाकणच्या आमच्या कारखान्यात ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगचे भाग बनतात आणि खरेदी विभागात असल्यामुळे जपानी ग्राहकांच्या बैठका माझ्याकडे आल्या. त्या पाच शब्दांचं पान कसं झालं, ते या वह्या चाळताना दिसतं. फॉर्मवरचा प्रत्येक रकाना कुठल्यातरी एका फसलेल्या दिवसानंतर आला आहे.

पहिला रकाना भाषेचा. ‘जपानी’ एवढं पुरेसं आहे असं आम्हाला वाटायचं. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची कमतरता नाही, त्यामुळे एन-वन झालेली व्यक्ती मिळाली की काम झालं, असा समज होता. जेएलपीटी परीक्षेत वाचन आणि श्रवण तपासलं जातं, बोलणं तपासलं जात नाही, हे मला पहिल्या दोन वर्षांनंतर एका दुभाषी बाईंनी सांगितलं. त्यानंतर आम्ही प्रमाणपत्राबरोबर ‘याआधी कोणत्या प्रकारच्या बैठकांत काम केलंत?’ हेही विचारू लागलो. दुसरी गोष्ट त्याहून साधी होती. जपानीतून कशात? मीटिंग रूममध्ये इंग्रजी चालतं, पण पाहुणे मशीनशी उभे राहून ऑपरेटरला प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर मराठीत येतं. एकदा जपानी-इंग्रजी उत्तम करणारे, पण मराठी न येणारे दुभाषी आले आणि आमचा सुपरवायझर मध्ये उभा राहून मराठीचं इंग्रजी करत राहिला. दोन पायऱ्यांत मूळ उत्तरातलं निम्मं गळालं. तेव्हापासून रकान्यात लिहितो : ‘जपानी–इंग्रजी, शॉपवर जपानी–मराठी’.

वेळेचा हिशेब आम्ही सगळ्यात जास्त चुकवला. एकाचं बोलून झालं की दुभाषी ते दुसऱ्या भाषेत सांगतो, या पद्धतीत प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारलं जातं. म्हणजे आमचा एक तासाचा अजेंडा दोन तासांचा होतो. आम्ही दोन तासांचं बुकिंग करून चार तासांचे विषय घेऊन बसायचो. मग जेवण उभ्याउभ्या, आणि तेवढ्यातही पाहुण्यांशी गप्पा चालू. म्हणजे दुभाष्याची सुट्टी नाहीच. बोलणं चालू असतानाच भाषांतर हवं असेल, तर दोघे लागतात आणि ते साधारण वीस ते तीस मिनिटांनी आळीपाळीने काम करतात. एकाच माणसाला दिवसभर बसवलं की दुपारनंतर आकडे चुकू लागतात. आता ‘सुरुवात, शेवट, जेवणाची सुट्टी, रात्रीच्या जेवणाला यायचं की नाही’ हे चारही आधी ठरतं. रात्रीचं जेवण हेही कामच आहे, आणि त्याचे पैसे वेगळे.

जागेबद्दल थोडक्यात. गेट पाससाठी ओळखपत्राची प्रत आदल्या दिवशी लागते, शॉपवर सेफ्टी शूज लागतात आणि प्रेसजवळ दुभाष्याचा आवाज कुणालाच ऐकू जात नाही. त्यामुळे फॉर्ममध्ये कुठे बसणार, कुठे फिरणार आणि हेडसेट आहेत का, हे येतं. २०२० नंतर जागेच्या रकान्यात लिंकही आली. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे इकडचे साडेपाच, त्यामुळे दोन्ही घड्याळांतली वेळ लिहिणं भाग पडलं.

आता ज्या रकान्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं, त्याकडे येतो. विषय. २०१४ मध्ये एका मोठ्या तक्रारीवर ग्राहकाची क्वालिटीची माणसं आली. मी विषय लिहिला होता, ‘सर्वसाधारण चर्चा’. तक्रारीची गोष्ट बाहेर जायला नको, अशी वरून सूचना होती. आलेल्या बाई अनुभवी होत्या. पाहुण्यांनी भागाचा फोटो दाखवून ‘सु’ आहे असं सांगितलं. जपानीत या उच्चाराचे बरेच शब्द आहेत; व्हिनेगरही ‘सु’ आणि पक्ष्याचं घरटंही ‘सु’. ओतकामात मात्र ‘सु’ म्हणजे धातूच्या आत राहिलेली पोकळी, आपण जिला ब्लोहोल म्हणतो ती. बाईंनी आधी ‘घरटं’ म्हटलं, मग स्वतःच थांबून विचारलं. समजूत जुळायला अर्धा तास गेला. बाईंची भाषा कमी पडली नव्हती. आम्ही त्यांना विषयच दिला नव्हता.

पुढच्या वेळी मी कागद पाठवायचे ठरवले, आणि खरा पेच तिथे उभा राहिला. कागद दिले नाहीत तर भाषांतर कच्चं, दिले तर गुपित बाहेर जाण्याची भीती. साहेब म्हणाले, ‘किमती असलेला कागद कुणाच्याही हातात नको.’ त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. शेवटी काम तीन टप्प्यांत विभागलं. आधी गोपनीयतेचा करार, बैठकीच्या किमान चार दिवस आधी. आदल्या रात्री दहाला मेल करून नाही. सही झाल्यावर शब्दसूची : ओतकामातले चाळीस-पन्नास शब्द, भागांचे फोटो, जपानी पाहुण्यांची नावं आणि पदं. तिच्यात किंमत नाही. किमतीचे आणि दोषांच्या आकडेवारीचे कागद मात्र बैठकीच्या दिवशी दुभाष्याने तासभर आधी येऊन आमच्याच खोलीत वाचायचे आणि तिथेच ठेवायचे. रकमा तोंडी सांगायच्या नाहीत, फळ्यावर लिहायच्या. जपानीत ‘मान’ म्हणजे दहा हजार आणि ‘ओकु’ म्हणजे दहा कोटी. लाख-कोटीशी गोंधळ एका श्वासात होतो.

कराराबाबतही आम्हाला शिकावं लागलं. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘पुढची दोन वर्षं स्पर्धक कंपनीत काम करणार नाही’ असं कलम होतं. त्या बाईंनी नम्रपणे नकार दिला. चाकणमधल्या दुभाष्याचे ग्राहक याच उद्योगातले असतात. ते कलम मान्य करणं म्हणजे रोजगार सोडणं. मग आम्हाला दुभाष्याकडून खरं जे हवं होतं तेच लिहिलं : ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, टिपणं बैठक संपताच आमच्या समोर फाडायची, फाइली मेलमधून काढायच्या, रेकॉर्डिंग दोन्ही बाजूंच्या आणि दुभाष्याच्या संमतीशिवाय नाही. आणि एक प्रश्न आधीच विचारायचा : ‘याच ग्राहकाच्या किंवा याच प्रकरणाच्या दुसऱ्या बाजूने तुम्ही काम केलंय का?’

शेवटचा रकाना २०१८ चा. एका बैठकीत मध्येच पाहुणे आपापसांत हळू आवाजात बोलले. आमच्या एका अधिकाऱ्याने दुभाषी बाईंकडे वळून विचारलं, ‘काय म्हणाले ते?’ बाई म्हणाल्या, ‘सर, ते मला उद्देशून बोलले नाहीत. तुम्ही आपापसांत बोलाल तेही मी त्यांना सांगणार नाही.’ खोलीत क्षणभर शांतता होती. त्या क्षणी मला जाणवलं की गोपनीयता फक्त आमच्या बाजूने चालत नाही. आम्ही दुभाष्यांना जे जपायला सांगतो, ते पाहुण्यांसाठीही जपलं जातं, म्हणूनच पाहुणे त्यांच्यासमोर मोकळं बोलतात.

आता फॉर्मच्या तळाशी ही ओळ छापलेली असते : ‘दोन्ही बाजूंचं आपापसांतलं बोलणं भाषांतरित करायचं नाही, तसं विचारू नये.’ बैठकीला येणाऱ्या आमच्या प्रत्येकाला ती आधी वाचायला देतो. यंदा हे काम मी नव्या सहकाऱ्याकडे देतो आहे. वह्या त्याच्याकडे जातील, पण आधी त्याने हे पान भरून पाहावं, असं मी सांगितलं आहे. विषयाच्या रकान्यात त्याने पहिल्यांदा काय लिहिलं? ‘सर्वसाधारण चर्चा’. मग मी त्याला २०१४ ची वही उघडून दिली.