सगळ्यात सरस असणाऱ्यालाही व्यापार का परवडतो?

मागच्या वेळी आपण श्रमविभागणीवर बोललो. तेव्हा प्रश्नोत्तरांत एक शंका आली होती: जो देश दुसऱ्यापेक्षा प्रत्येक वस्तू कमी कष्टात बनवतो, त्याने दुसऱ्याकडून काही विकत का घ्यावं? आणि जो सगळ्यातच मागे आहे, त्याच्याकडे विकायला तरी काय उरतं? आज फक्त या शंकेवर बोलायचं आहे. त्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे. ते दोनशे वर्षांपूर्वीचं आहे, पण त्यातले आकडे शेवटपर्यंत नीट लावून पाहिले तर बराच गुंता सुटतो.

डेव्हिड रिकार्डो हा लंडनच्या शेअरबाजारात पैसा कमावलेला माणूस. त्याने १८१७ साली अर्थशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. त्यातल्या परराष्ट्र व्यापारावरच्या सातव्या प्रकरणात हे उदाहरण येतं. दोन देश आहेत, इंग्लंड आणि पोर्तुगाल. दोन वस्तू आहेत, कापड आणि दारू, म्हणजे द्राक्षांची वाइन. आणि आकडे आहेत फक्त चार.

इंग्लंडला ठरावीक कापड विणायला १०० माणसांचं वर्षभराचं काम लागतं. ठरावीक वाइन करायची म्हटली तर १२० माणसांचं. पोर्तुगालला तेवढंच कापड ९० माणसांत जमतं आणि तेवढीच वाइन ८० माणसांत. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस आहे. रिकार्डोने मुद्दाम तसंच धरलं आहे, आणि विशेष म्हणजे आपल्या स्वतःच्या देशाला त्याने मागे ठेवलं आहे.

आता समजा, ते एवढं कापड आणि ही एवढी वाइन यांची थेट अदलाबदल झाली. इंग्लंडने कापड दिलं, त्याला १०० माणसं लागली. बदल्यात मिळाली वाइन, जी घरी करायला १२० लागली असती. २० माणसांचं काम वाचलं. पोर्तुगालने वाइन दिली, तिला ८० माणसं लागली. बदल्यात मिळालं कापड, जे घरी विणायला ९० लागली असती. तिथे १० माणसांचं काम वाचलं. दोघांच्याही हातात माल तेवढाच आला आणि दोघांचेही कष्ट कमी झाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पोर्तुगालने कापडाची तुलना इंग्लंडच्या कापडाशी केलीच नाही. त्याने स्वतःच्याच दोन कामांची तुलना केली. कापडावर घातलेली ९० माणसं वाइनकडे वळवली तर त्या वाइनच्या बदल्यात जास्त कापड येतं का, एवढाच त्याचा प्रश्न आहे. एखादी वस्तू महाग आहे की स्वस्त, हे तिच्यासाठी आपण घरातली दुसरी कोणती वस्तू सोडतो यावर ठरतं. पोर्तुगालला वाइन कापडापेक्षा स्वस्त पडते, इंग्लंडला कापड वाइनपेक्षा स्वस्त पडतं. हाच तुलनात्मक लाभ. एखादा देश सगळ्यात सरस असू शकतो, पण सगळ्यात सारखाच सरस असणं ही फार विरळा गोष्ट आहे. आणि तसं असेल तरच हा फायदा शून्य होतो.

आता तुमच्यातला व्यापारी म्हणेल, हे कागदावर ठीक आहे. पण बाजारात कोणी माणसांचे तास मोजत नाही, तो किंमत बघतो. पोर्तुगालचं कापडच जर स्वस्त असेल, तर इंग्लंडचं कापड घेणार कोण? शंका अगदी बरोबर आहे. तिचं उत्तर मिळालं नाही तर सिद्धांत हवेतच राहतो.

आकड्यांनीच बघू. समजा सुरुवातीला दोन्हीकडे मजुराची वर्षाची मजुरी १ पौंड आहे आणि मजुरीशिवाय दुसरा खर्च नाही. पोर्तुगालचं कापड ९० पौंडांचं, वाइन ८० पौंडांची. इंग्लंडचं कापड १०० पौंडांचं, वाइन १२० पौंडांची. साहजिकच सगळे व्यापारी दोन्ही माल पोर्तुगालमधून उचलतील. इंग्लंडचं काहीच विकलं जाणार नाही, तेव्हा बिल भागवायला सोनं द्यावं लागेल. त्या काळी पैसा म्हणजे सोनंच होतं. पोर्तुगालमध्ये सोनं साचू लागलं की तिथल्या किमती आणि मजुरी चढतात. इंग्लंडमधलं सोनं आटलं की तिथल्या उतरतात. रिकार्डोने हीच वाट दाखवली आहे.

हे कुठवर चालेल? समजा पोर्तुगालची मजुरी इंग्लंडच्या सव्वापट झाली. सोयीसाठी इंग्लंडची १ पौंडच धरू, पोर्तुगालची सव्वा पौंड. आता पोर्तुगालचं कापड पडतं ११२ पौंड १० शिलिंगांना आणि वाइन १०० पौंडांना. इंग्लंडचं कापड १०० पौंडांना, वाइन १२० पौंडांना. झालं! कापड आता इंग्लंडचं स्वस्त आणि वाइन पोर्तुगालची. व्यापाऱ्याने फक्त किंमत पाहिली, तुलनात्मक लाभ हे शब्दही त्याच्या कानावर आले नाहीत, तरी माल योग्य दिशेने निघाला.

आता मजुराच्या ताटात काय पडलं ते बघा. इंग्लिश मजुराला एका वर्षाच्या मजुरीत आधी वाइनच्या त्या साठ्याचा १२० वा हिस्सा मिळायचा, आता १०० वा मिळतो. कापड पूर्वीइतकंच. पोर्तुगीज मजुराला कापडाचा आधी ९० वा हिस्सा मिळायचा, आता ८० वा मिळतो. वाइन पूर्वीइतकीच. दोघांचीही मजुरी वस्तूंच्या हिशेबात वाढली. पण दोघं सारखे झाले नाहीत. पोर्तुगीज मजूर अजूनही जास्त कमावतो, कारण त्याच्या हातून काम जास्त निघतं.

दोन वाक्यं आपण नेहमी ऐकतो. एक, "ते लोक इतके पुढारलेले आहेत, आपण त्यांच्याशी स्पर्धा कशी करणार?" दुसरं, "त्यांच्याकडे मजुरी इतकी कमी आहे, आपण कसे टिकणार?" पहिलं बोलतो इंग्लंड, दुसरं बोलतो पोर्तुगाल. दोघांनाही वाटतं की सामना एकतर्फी आहे. पण मजुरीतला फरक हा कामातल्या फरकातूनच आलेला असतो आणि त्याला मर्यादा असतात. आपल्या उदाहरणात पोर्तुगालची मजुरी इंग्लंडच्या दीडपटीपलीकडे गेली तर त्याची वाइनही महाग ठरेल. ती सुमारे १.११ पटीच्या खाली राहिली तर कापडही त्याचंच स्वस्त राहील. या दोन टोकांच्या मध्ये ती कुठे थांबेल? ते एकमेकांच्या मालाला किती मागणी आहे यावर ठरतं. हा भाग पुढे जॉन स्टुअर्ट मिलने भरून काढला. एका टोकाकडे झुकली तर जवळजवळ सगळा फायदा पोर्तुगालचा, दुसऱ्या टोकाकडे झुकली तर इंग्लंडचा. म्हणजे दोघांना फायदा होतो हे खरं, पण निम्मा-निम्मा होईल असं कोणी म्हटलेलं नाही.

आता हिशेब कुठे बिघडतो तेही पाहू. मजुरी किंवा चलनाचा दर हलायला जागाच नसेल, तर इंग्लंडचं कापड महागच राहतं. मग विणकर दुसऱ्या कामाला न लागता नुसते बेकार बसतात. वाचलेली २० माणसं हा फायदा कधी? तर त्यांना दुसरं काम मिळालं तर. नाहीतर तो तोटाच.

आणि पोर्तुगालचा विणकर? "पोर्तुगालचा फायदा झाला" या वाक्यात त्याचा माग बंद पडलेला आहे. रिकार्डो धरून चालतो की देशाच्या आत माणूस एका धंद्यातून दुसऱ्यात सहज जातो. प्रत्यक्षात द्राक्षाची वेल लावली की नीट पीक यायला तीन-चार वर्षं जातात. मळे एकीकडे, माग दुसरीकडे. आणि चाळिशीच्या विणकराला मळ्याचं काम येत नाही. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी २०१३ साली चीनकडून अमेरिकेत वाढलेल्या आयातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या भागांत त्याच वस्तूंचे कारखाने होते, तिथे बेकारी वाढली आणि मजुरी घसरली. आणि माणसं दुसरीकडे गेली असतील म्हणावं, तर तीही फारशी हलली नाहीत. स्वस्त माल देशभर सगळ्यांना थोडा थोडा मिळाला, घाव मात्र काही गावांवरच बसला. फायदा झालेल्यांनी नुकसान झालेल्यांना भरपाई दिली तरी शिल्लक उरते, एवढंच सिद्धांत सांगतो. ती भरपाई आपोआप होते, असं तो सांगत नाही.

एक अट रिकार्डोने स्वतःच लिहून ठेवली आहे. भांडवल आणि माणसं देशाबाहेर मोकळेपणी जात असती, तर कापड आणि वाइन दोन्ही पोर्तुगालमध्येच झाली असती, असं तो म्हणतो. त्याच्या मते लोक आपला पैसा परक्या देशात पाठवायला कचरतात, म्हणून तसं होत नाही. आज भांडवल किती सहज सीमा ओलांडतं ते तुम्ही जाणताच. म्हणून आजच्या एखाद्या करारावर हे उदाहरण लावताना ही अट आधी तपासायची.

प्रश्नांकडे वळतो. समोरून एक चिठ्ठी आली आहे: "मग इंग्रजांच्या काळात भारताने कापूस पिकवून इंग्लंडचं कापड घेतलं, तेही आपल्या फायद्याचंच म्हणायचं का?"

नाही, तसं सरळ म्हणता येणार नाही. या सिद्धांतात दोन्ही पक्ष स्वतःचे नियम स्वतः ठरवतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय कापडावर इंग्लंडमध्ये जबर जकात होती आणि इंग्लंडचं कापड इथे नाममात्र जकातीवर येत होतं. दोन्ही दर एकच सत्ता ठरवत होती. नंतर मँचेस्टरचं यंत्राचं कापड खरोखरच स्वस्त झालं हेही खरं, आणि ते नेसणाऱ्या गरिबाचा त्यात फायदाही होता. पण उठलेल्या विणकराला सामावून घेईल असं दुसरं काम इथे फारसं उभं राहिलं नाही, आणि ते उभं करायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे नव्हता.

खुद्द पोर्तुगालचंही थोडं असंच आहे. त्याची वाइन इंग्लंडला जात होती ती निव्वळ ऊन चांगलं म्हणून नाही. १७०३ च्या मेथुएन करारानुसार पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी होती आणि बदल्यात पोर्तुगालने इंग्लिश लोकरी कापडाला दार उघडलं होतं. तरी वाइन विकून कापडाचं बिल पुरं होत नसे, उरलेलं ब्राझीलच्या सोन्यातून भागवलं जाई. तेव्हा रिकार्डोचे चार आकडे वापरा, पण त्यांना तेवढाच प्रश्न विचारा ज्याचं उत्तर त्यांच्याकडे आहे: आज हाताशी असलेल्या कौशल्यांत काय विकावं आणि काय घ्यावं. ती कौशल्यं उद्या कोणती असावीत, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपण पुढच्या व्याख्यानात घेऊ.